रिकाम्या चेंबरचा हिशेब

तासगावच्या बाजारात बेदाण्याची मोठी आवक फेब्रुवारीपासून सुरू होते. शेडवर वाळवून, प्रतवारी करून पंधरा किलोच्या बॉक्समध्ये भरलेला माल मार्च-एप्रिलमध्ये लोटतो, आणि विकला मात्र दिवाळीपर्यंत, कधी त्याही पुढे, थोडा थोडा जातो. मधल्या काळात त्याचा हिरवा-पिवळा रंग टिकवायचा तर चार-पाच अंश तापमान लागते. बाहेरच्या उन्हाळ्यात ठेवला तर बेदाणा सडत नाही, पण तांबूस पडतो आणि सौद्यात भाव तुटतो. म्हणूनच तासगाव-सांगली पट्ट्यात इतकी शीतगृहे उभी राहिली.

आता समजा, याच पट्ट्यात कुणाकडे पुरेशी जागा आहे आणि 5,000 टनांचे शीतगृह काढायचे मनात आहे. मग पहिला वाद घरातच होतो. एकाचे म्हणणे, सिमेंट-लोखंड काही स्वस्त होणार नाही, सगळे आत्ताच बांधून टाकू. दुसऱ्याचे म्हणणे, आधी 2,500 टनांचे करू, भरले की पुढचे बघू. दोघांकडे आकडे असतात, पण ते वेगवेगळ्या वर्षांचे असतात आणि तसेच एकमेकांशेजारी मांडले जातात. घोळ तिथे होतो.

तीन वर्षांनी द्यायचे रुपये आणि आज द्यायचे रुपये यांची थेट वजाबाकी करता येत नाही. आपला पैसा वर्षाला 12 टक्के मिळवू शकत असेल, किंवा तो उभा करायला 12 टक्के मोजावे लागत असतील, तर तीन वर्षांनी लागणाऱ्या 1 लाखासाठी आज 71 हजार बाजूला ठेवले तरी पुरतात. भविष्यातली प्रत्येक रक्कम अशी वटावून आजच्या किमतीत आणायची आणि मग बेरीज करायची, एवढीच ही पद्धत. वटावाच्या दरातच व्याजाचा भार मोजलेला असतो. त्यामुळे वार्षिक खर्चात कर्जाचे व्याज पुन्हा धरायचे नसते. प्रकल्प अहवालात ते दोनदा लागलेले बरेचदा सापडते.

हिशेबासाठी आकडे धरू. ते उदाहरणाचे आहेत, प्रत्येकाने तिथे आपापले घालावेत. सगळे एकदम बांधले तर खर्च 6 कोटी. त्यातला 3 कोटी 60 लाखांचा भाग पहिल्या टप्प्यातही टळत नाही: जमीन सपाटीकरण, रस्ता, मशीन रूम, वजनकाटा आणि 2,500 टनांचे चेंबर. उरलेल्या 2,500 टनांचे आज 2 कोटी 40 लाख. तेच काम तीन वर्षांनी केले तर ठेकेदार पुन्हा येणार, काही तोडफोड-जोडणी होणार, म्हणून 8 टक्के जादा. शिवाय बांधकामाचे दर वर्षाला 5 टक्के वाढणार. तेव्हा ते जवळपास 3 कोटींना पडेल.

इथे एक नेहमीचा घोटाळा होतो. दुसऱ्या टप्प्याला लोक आजचाच 2 कोटी 40 लाखांचा भाव लावतात आणि वर 12 टक्क्यांनी वटावतात. त्या 12 टक्क्यांत महागाई आधीच धरलेली असते. मग खर्चातही ती धरायलाच हवी, नाहीतर टप्प्याटप्प्याची योजना फुकटात जिंकते.

उत्पन्नाची बाजू अशी. वीज, हमाली वजा जाता भरलेल्या एका टनामागे वर्षाला 3,000 रुपये सुटतात. दुसरा अर्धा भाग उभा असेल तर माल असो-नसो, त्याचा विमा, देखभाल, माणसे आणि विजेचा स्थिर आकार मिळून वर्षाला 10 लाख जातात. मालाची मागणी पहिल्या वर्षी 1,500 टन, दुसऱ्या वर्षी 2,200, तिसऱ्या वर्षी 2,800, चौथ्या वर्षी 3,500 आणि पुढे 4,500पर्यंत चढते.

दोन्ही योजनांचे दहा-पंधरा वर्षांचे लांबलचक तक्ते करायची गरज नाही. जे दोन्हीकडे सारखे आहे ते गाळून फक्त फरक पाहिला की पुरते. फरक पहिल्या तीन वर्षांतच आहे, कारण चौथ्या वर्षापासून दोन्हीकडे 5,000 टन उभे असतात.

थांबल्यामुळे आजचे 2 कोटी 40 लाख वाचतात. त्याबदली तीन वर्षांनी 3 कोटी जातात, ज्यांची आजची किंमत साधारण 2 कोटी 13 लाख 50 हजार. म्हणजे साडेसव्वीस लाखांचा फायदा. तीन वर्षांचा वार्षिक 10 लाखांचा खर्चही वाचला, त्याची आजची किंमत 24 लाख. तोटा एकच: तिसऱ्या वर्षी 300 टन माल परत पाठवावा लागला, 9 लाख बुडाले, आजच्या किमतीत साडेसहा लाखांच्या आत. बेरीज-वजाबाकी करून टप्प्याटप्प्याची योजना सुमारे 44 लाखांनी सरस ठरते.

पण हा निकाल मागणीच्या एका अंदाजावर उभा आहे, आणि बेदाण्याची मागणी कुणाच्या अंदाजाने चालत नाही. ताज्या द्राक्षाला दर चांगला असला की माल बाजारात किंवा निर्यातीला जातो. दर पडला की तीच द्राक्षे शेडवर जातात आणि बेदाणा वाढतो. अवकाळी पावसाने बाग धुतली तर दोन्ही घटतात. वर जुना माल विकला गेला नसेल तर तो चेंबर अडवून बसतो.

म्हणून दुसरा अंदाज घेऊ. पहिल्याच वर्षी 2,400 टन आले, दुसऱ्या वर्षी 3,600 आणि तिसऱ्या वर्षी 4,600. ठरल्याप्रमाणे तीन वर्षे हातावर हात ठेवून बसलो तर दुसऱ्या वर्षी 1,100 आणि तिसऱ्या वर्षी 2,100 टन परत जातात. आजच्या किमतीत 71 लाख बुडाले. आता एकदम बांधणारा 20 लाखांनी पुढे आहे.

मात्र असा माल येताना दिसत असूनही मालक तीन वर्षे का थांबेल? पहिल्याच हंगामात चेंबर भरले म्हणून त्याने लगेच काम काढले आणि पहिल्या वर्षाअखेर दुसरा भाग उभा केला, तर त्याला 2 कोटी 72 लाख पडतात. आजच्या किमतीत 2 कोटी 43 लाख, म्हणजे आज बांधण्यापेक्षा 3 लाख जास्त. एका वर्षाचा स्थिर खर्च वाचला तो 9 लाखांचा. टप्प्याची योजना पुन्हा 6 लाखांनी पुढे, जवळपास बरोबरीच म्हणा ना.

तिसरी शक्यता प्रकल्प अहवालात कुणी लिहीत नाही. अहवालात दुसऱ्या वर्षापासून चेंबर 85 टक्के भरलेलेच असतात. पण शेजारी आणखी दोन शीतगृहे निघाली आणि मागणी 2,500च्या वर गेलीच नाही, तर? एकदम बांधणाऱ्याचे 2 कोटी 40 लाख अडकले, वर दहा वर्षे 10-10 लाख. आजच्या किमतीत 2 कोटी 96 लाख, यातून भंगार किंवा भाड्याने जे सुटेल ते वजा. तीन अंदाज शेजारी ठेवले की दिसते: थांबून चुकलो तर तोटा लाखांत, बांधून चुकलो तर कोटींत. थांबणाऱ्याला पुढे मन बदलता येते. ओतलेले काँक्रीट परत घेता येत नाही.

मग काम काढायचे कधी? सगळ्यांचे उत्तर असते, चेंबर भरले की. हिशेब तसे म्हणत नाही. 3 कोटींचे काम एक वर्ष पुढे ढकलले की 12 टक्के पैसा वाचतो आणि 5 टक्के महागाई लागते. उरलेल्या 7 टक्क्यांचे 21 लाख, अधिक स्थिर खर्चाचे 10 लाख, असे 31 लाख वर्षाला थांबण्याने मिळतात. 3,000 रुपयांनी भागले तर सुमारे 1,000 टन. येत्या हंगामात हजार टनांच्या आसपास माल परत पाठवावा लागेल असे दिसू लागले, की थांबणे परवडेनासे होते.

प्रत्यक्षात ही रेघ खाली ओढावी लागते. परत गेलेला माल एका वर्षापुरता जात नाही. व्यापाऱ्याचा माल, त्याच्या पावतीवरचे बँकेचे कर्ज, सौद्यासाठी नमुने काढायची सोय, सगळे दुसऱ्या शीतगृहाशी जुळते आणि तो तिकडचाच होतो. माझ्या मते 500-600 टनांवरच हालचाल करावी.

आता त्या 8 टक्के जादा खर्चाकडे पाहू. तो नशिबाने ठरत नाही, पहिल्या टप्प्याच्या नकाशात ठरतो. अमोनियाच्या मुख्य पाइपला पुढच्या चेंबरसाठी व्हॉल्व्ह बसवून त्याचे तोंड आंधळ्या फ्लँजने बंद करून ठेवले, मशीन रूममध्ये आणखी एका कॉम्प्रेसरचा पाया ओतून ठेवला, शेवटच्या भिंतीच्या खांबांना पुढच्या सांगाड्याचे बोल्ट सोडले, तर वाढीव काम सोपे जाते. हे केले नाही तर चालू यंत्रणेतला अमोनिया काढून पाइप कापावा लागतो. शेजारच्या चेंबरमध्ये लोकांचा लाखोंचा माल, भिंतीत फोमचे पॅनेल आणि बाहेर वेल्डिंगच्या ठिणग्या: शीतगृहांना आग अशानेच लागते. जोडणीचे काम चेंबर रिकामे असताना, नवा माल येण्याआधी उरकावे लागते ते यासाठी.

विजेचेही तसेच. महावितरणशी कराराची मागणी जेवढी नोंदवली असेल तिचा ठरावीक हिस्सा वापर नसला तरी बिलात लागतो. ट्रान्सफॉर्मरची जागा मोठी ठेवावी, करार मात्र टप्प्याने वाढवावा. आणि एकदम बांधले तरी प्रचंड दोन खोल्या करू नयेत. बेदाणा कोरडा माल आहे, त्याची स्वतःची उष्णता जवळजवळ नसते. मशीनवरचा भार मुख्यतः भिंती-छपरातून आणि दारातून येतो. त्यामुळे अर्धे चेंबर थंड ठेवायला पूर्ण चेंबरच्या जवळपास वीज जाते.

एवढे सगळे जमवूनही एक बाब निकाल फिरवू शकते, ती म्हणजे अनुदान. एकात्मिक फलोत्पादन विकास अभियानात सर्वसाधारण भागासाठी शीतगृहाला मापदंडानुसार धरलेल्या खर्चाच्या 35 टक्के अनुदान असते. ते बँक कर्जाशी जोडलेले असून काम उभे राहिल्यावर कर्जखात्याकडे येते. समजा दुसऱ्या भागाच्या वाट्याला 70 लाख बसतात. एकदम बांधून ते दोन वर्षांनी हाती आले तर आजची किंमत 56 लाख. पुढे विस्ताराला ते मिळणारच नाही असे झाले, तर आपल्या 44 लाखांच्या फायद्यावर पाणी पडते आणि एकदम बांधणारा 12 लाखांनी पुढे जातो. म्हणून तेव्हाचा नियम विस्ताराला लागू आहे का, हे जिल्हा कृषी कार्यालयात आणि बँकेत लेखी विचारून मगच कागद पुढे न्यावा. अर्थात हे 12 लाख पहिल्या अंदाजातले आहेत. मागणी आलीच नाही तर 70 लाखांचे अनुदान त्या 2 कोटी 96 लाखांच्या खड्ड्याला पुरत नाही.

राहिला दिवसांचा हिशेब. नवे चेंबर फेब्रुवारीत थंड हवे असेल तर काम पावसाळा ओसरताच धडाक्याने चालले पाहिजे, म्हणजे कॉम्प्रेसर आणि पॅनेलची ऑर्डर जून-जुलैत गेली पाहिजे. म्हणजे निर्णय मेअखेर हवा, माल कुठवर चढला आणि किती परत गेला हे नुकतेच कळलेले असते तेव्हा. आणि इथेच बहुतेकांचे अडते. भरलेल्या प्रत्येक बॉक्सची नोंद शीतगृहात असते, जागा नाही म्हणून फोनवरच नाकारलेल्या बॉक्सची नोंद कुणी ठेवत नाही. दुसऱ्या टप्प्याची तारीख मात्र त्याच आकड्यावर ठरते. पहिल्या हंगामापासून गेटवर एक वेगळी वही ठेवावी आणि नाव, तारीख, बॉक्स एवढे तीनच रकाने भरून घ्यावेत.