बाराशे घरांचा हिशेब

घरोघरी जाऊन करायच्या सर्वेक्षणाचे अंदाजपत्रक एका साध्या आकड्यावर उभे असते: एक प्रगणक दिवसाला किती मुलाखती पूर्ण करतो. समजा, विदर्भातल्या एका जिल्ह्यात 60 गावांतली प्रत्येकी 20, म्हणजे 1,200 कुटुंबे पाहायची आहेत. एका तुकडीत चार प्रगणक, एक पर्यवेक्षक आणि एक जीप. पहिल्या दिवशी गावातल्या घरांची यादी करून त्यातून कुटुंबे निवडायची, दुसऱ्या दिवशी मुलाखती घ्यायच्या. प्रत्येकाने पाच मुलाखती घेतल्या, तर गाव दोन दिवसांत उरकते. एका तुकडीचे असे 120 दिवस लागतील. मानधन, भत्ता, मुक्काम आणि गाडी मिळून तुकडीचा रोजचा खर्च 8,000 रुपये धरला, तर क्षेत्रकामाला 9,60,000 रुपये हवेत.

पण पाच हा आकडा कार्यालयात बसून धरलेला असतो. तो टिकतो का, हे पूर्वचाचणीत कळते. नमुन्यात नसलेल्या गावात तीस-चाळीस घरी प्रश्नावली घेऊन जायचे, कोणता प्रश्न लोकांना उमगत नाही ते टिपायचे आणि प्रत्येक मुलाखतीला घड्याळ लावायचे. सोयाबीन काढणीच्या दिवसांत माणसे सकाळीच शेतावर जातात, संध्याकाळीच भेटतात. मग चारच मुलाखती होतात, गावात चार घरे उरतात आणि तेवढ्यासाठी तिसरा दिवस जातो. दिवस 180 होतात, खर्च 14,40,000. हे वेळेत कळले तर 75 गावांतली प्रत्येकी 16 घरे घेता येतात. घरे तेवढीच, दिवस 150, खर्च 12,00,000. शिवाय एकाच गावातली घरे बरीचशी सारखी असतात, त्यामुळे जास्त गावे घेतल्याने नमुनाही सुधारतो. पूर्वचाचणीचे तुकडीचे तीन दिवस धरले तरी 24,000 रुपयेच होतात.

प्रशिक्षणाच्या दिवसांचेही मानधन द्यावे लागते. बारा प्रगणक हवे असतील तर पंधरांना शिकवावे, कारण काही जण मध्येच सोडून जातात.

काटकसरीची कात्री बहुधा पर्यवेक्षणावर चालते, आणि तीच सर्वांत महाग पडते. थकलेला प्रगणक पुढचे प्रश्न टाळण्यासाठी ‘नाही’ लिहू लागतो. पाच वर्षांखालच्या मुलांसाठी वेगळा भाग असेल, तर त्याच्या अर्जांत साडेचार वर्षांची मुले सहाची होतात. पर्यवेक्षकाने दर दहा घरांतल्या एका घरी पुन्हा जाऊन मोजके प्रश्न विचारले, की हे उघड होते. त्या 120 फेऱ्यांचा वेळ आणि इंधन अंदाजपत्रकात वेगळे दाखवावे.

कागदी अर्ज दोन वेगळ्या व्यक्तींकडून दोनदा भरून घेतात आणि तफावत तपासतात. दिवसाला 30 अर्ज धरले तर दोन्ही मिळून 80 दिवस होतात. 800 रुपये रोजाने 64,000 रुपये. टॅब्लेट वापरल्यास हा खर्च वाचतो, पण प्रश्नावली त्यावर चढवून तपासण्याचे काम पूर्वचाचणीआधीच करावे लागते. त्यामुळे त्याचे पैसे पहिल्याच हप्त्यात हातात असावे लागतात.