मूत्रपिंडात अचानक सापडलेली गाठ : कर्करोग की आणखी काही?

पित्ताशयात खडे आहेत का, हे पाहण्यासाठी सोनोग्राफी करायची आणि अहवालात भलतीच ओळ वाचायला मिळायची : 'उजव्या मूत्रपिंडाच्या खालच्या टोकाला २.६ सेंटिमीटरची गाठ'. लघवीतून कधी रक्त गेलेले नाही, कंबर दुखत नाही, वजन घटलेले नाही. मूत्रपिंडाच्या लहान गाठी बहुतेक वेळा अशाच सापडतात, दुसरेच काही शोधताना. मग घरात एकच प्रश्न उरतो : हा कर्करोग आहे का?

डॉक्टर या प्रश्नाचे उत्तर कसे शोधतात, हे एका उदाहरणाच्या आधाराने पाहता येईल. समजा, एक गृहस्थ ५८ वर्षांचे आहेत. त्यांना बारा वर्षांपासून मधुमेह आहे आणि रक्तातील क्रिएटिनिन १.७ आहे. म्हणजे दोन्ही मूत्रपिंडे मिळून साधारण निम्म्या क्षमतेने काम करीत आहेत. सोनोग्राफीत त्यांची गाठ आजूबाजूच्या भागापेक्षा उजळ, पांढरट दिसली. सोबत आलेल्या मेहुण्याचे मत तयार आहे : "दाजी, किडन्या दोन असतात. एक काढून टाका, विषय संपेल." दुसरे एक नातेवाईक उलट दिलासा देतात : त्यांच्या ओळखीच्या बाईंची अशीच पांढरी गाठ चरबीची निघाली होती.

दोघेही घाई करीत आहेत. चरबीची गाठ सोनोग्राफीत उजळ दिसते हे खरे; पण मूत्रपिंडाचे काही लहान कर्करोगही तसेच उजळ दिसतात. शिवाय काही वेळा मूत्रपिंडाचा निरोगी भागच थोडा फुगीर असतो आणि गाठीसारखा भासतो. सोनोग्राफी द्रवाने भरलेली साधी पुटी चांगली ओळखते. पण गाठ घन असेल तर तिची ओळख पटवायला सीटी स्कॅन किंवा एमआरआय लागतो. रक्ताच्या किंवा लघवीच्या चाचणीने हे काम होत नाही. मूत्रपिंडाच्या कर्करोगाची खात्री देणारी तशी चाचणी आज नेहमीच्या वापरात नाही. क्रिएटिनिन सांगते ते फक्त मूत्रपिंडाचे काम किती चालले आहे एवढेच.

सीटी स्कॅनची मोजपट्टी

सीटी स्कॅन नुसते चित्र दाखवत नाही, प्रत्येक ठिकाणची घनता आकड्यात मोजतो. हे तंत्र विकसित करणारे ब्रिटिश अभियंता गॉडफ्रे हाउन्सफिल्ड यांच्या नावाने ते एकक ओळखले जाते. या कामासाठी त्यांना १९७९ मध्ये नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. या मोजपट्टीवर पाणी शून्यावर असते आणि हवा उणे १००० वर. चरबी शून्याच्या बरीच खाली, उणे १०० च्या आसपास असते. स्नायू किंवा मूत्रपिंडासारखी मऊ ऊती साधारण ३० ते ४० वर. रेडिओलॉजिस्ट गाठीच्या मध्यावर संगणकाने एक छोटे वर्तुळ काढतात आणि आकडा वाचतात.

पहिला प्रश्न असतो, आत पाणी आहे की मांस. गाठ एकसारखी असेल आणि आकडा २० च्या आत असेल तर ती बहुधा पाण्याने भरलेली साधी पुटी असते. पन्नाशीनंतर अशा पुट्या इतक्या सर्रास आढळतात की त्यांच्यासाठी पुढे काही करावे लागत नाही. पुटीत जाड पडदे किंवा घन भाग असेल तर मात्र गोष्ट बदलते. न्यूयॉर्कचे रेडिओलॉजिस्ट मॉर्टन बॉस्निॲक यांनी १९८६ मध्ये अशा पुट्यांची प्रतवारी मांडली. सुधारित रूपात तीच आजही वापरात आहे आणि तिच्या वरच्या प्रतींमध्ये कर्करोगाची शक्यता वाढत जाते. आपल्या उदाहरणातील गाठीचा आकडा ३६ आला. म्हणजे ती साधी पुटी नव्हे.

दुसरा प्रश्न, गाठीला रक्तपुरवठा आहे का. त्यासाठी शिरेतून आयोडीनयुक्त औषध, म्हणजे कॉन्ट्रास्ट देऊन पुन्हा स्कॅन करतात. जिवंत ऊतीत रक्त फिरते, त्यासोबत औषध जाते आणि आकडा वर चढतो. दोन स्कॅनमधला फरक २० किंवा त्याहून जास्त असेल तर गाठ औषध घेते असे मानतात. फरक १० पेक्षा कमी असेल तर ती घेत नाही. मधल्या आकड्यांवर निष्कर्ष काढता येत नाही. या गृहस्थांची गाठ ३६ वरून ११४ वर गेली. ७८ चा फरक म्हणजे शंकेला जागा नाही : ही रक्तपुरवठा असलेली घन गाठ आहे.

नेमकी इथेच एक चूक वारंवार होते. पोटाचा सीटी दुसऱ्या कारणासाठी केलेला असतो आणि औषध देण्याआधीचा स्कॅन घेतलेलाच नसतो. मग गाठीचा आकडा ७० दिसला तरी तो आधीपासूनच ७० होता की औषधामुळे चढला, हे सांगता येत नाही. आत रक्त साचून घट्ट झालेली निरुपद्रवी पुटीही औषधाशिवाय ७० किंवा त्याहून वर दिसू शकते. अशा अहवालावरून शस्त्रक्रिया ठरवायची नसते. आधी 'औषधापूर्वी आणि औषधानंतर' असा मूत्रपिंडाचा नेमका स्कॅन किंवा एमआरआय करून घ्यायचा असतो.

तिसरा प्रश्न, आत चरबी आहे का. रक्तवाहिन्या, स्नायू आणि चरबी यांच्या मिश्रणातून बनणारी अँजिओमायोलायपोमा ही गाठ कर्करोग नसते. औषधापूर्वीच्या स्कॅनमध्ये गाठीच्या एखाद्या भागात आकडा उणे १० च्या खाली गेला, तर बहुतेक वेळा निदान तिथेच होते आणि बायोप्सीचीही गरज पडत नाही. नातेवाइकांच्या ओळखीच्या बाईंचे असेच झाले असणार. मात्र त्यासाठी स्कॅनचे काप बारीक हवेत. काप जाड असतील तर चरबीचा छोटा ठिपका शेजारच्या ऊतीत मिसळून हरवतो. शिवाय यातल्या काही गाठींत चरबी इतकी कमी असते की स्कॅनमध्ये ती दिसतच नाही. आपल्या उदाहरणात बारीक काप पाहूनही चरबी सापडली नाही.

चित्र जिथे थांबते

आता गाठ घन आहे, रक्तपुरवठा घेते, चरबी नाही. अशा गाठी कर्करोगाच्या असण्याची शक्यता अधिक असते, पण खात्री नसते. चार सेंटिमीटरपर्यंतच्या अशा गाठी शस्त्रक्रियेने काढून तपासल्या, तेव्हा साधारण पाचातली एक कर्करोगाची नव्हती असे दिसले आहे. एक सेंटिमीटरखालच्या गाठींत हे प्रमाण आणखी जास्त असते, तर सात सेंटिमीटरच्या वर ते अगदी कमी होते. या निरुपद्रवी गाठींत ऑन्कोसायटोमा नावाची एक असते. ती स्कॅनमध्ये कर्करोगाइतकीच ठसठशीत दिसते आणि अनुभवी रेडिओलॉजिस्टलाही दोन्ही खात्रीने वेगळ्या ओळखता येत नाहीत.

म्हणून इथे डॉक्टरांचा प्रश्न बदलतो. 'ही गाठ काय आहे?' याच्या जोडीला 'उत्तर कळले तर उपचार बदलेल का?' असा प्रश्न येतो. ४५ वर्षांच्या निरोगी माणसाची सहज काढता येण्याजोगी गाठ असेल, तर बायोप्सी न करता थेट तेवढा भाग काढण्याचा सल्ला मिळू शकतो. ८२ वर्षांच्या हृदयरुग्णात नुसते लक्ष ठेवणेच शहाणपणाचे ठरते. लहान गाठी सरासरी वर्षाला तीन मिलिमीटरच्या आसपास वाढतात. नीट निवडलेल्या रुग्णांवर लक्ष ठेवले असता शंभरातील एखाद-दुसऱ्याचाच रोग शरीरात अन्यत्र पसरल्याचे आढळले आहे.

मेहुण्याच्या प्रश्नाचे उत्तरही इथेच आहे. लहान गाठीसाठी अख्खे मूत्रपिंड काढणे आज सहसा पहिली पसंती नसते. गाठीपुरता भाग काढून उरलेला वाचवतात. या गृहस्थांची मूत्रपिंडे आधीच निम्म्यावर आली आहेत. एक काढले तर पुढे डायलिसिसची वेळ लवकर येऊ शकते. गाठ निरुपद्रवी निघाली तर ही किंमत विनाकारण मोजल्यासारखे होईल. म्हणजे त्यांच्या बाबतीत उत्तर कळण्याला खरे मोल आहे, म्हणून बायोप्सी करायचे ठरते.

पाठीकडून त्वचा बधिर करून, सीटी किंवा सोनोग्राफीत पाहत पाहत सुई गाठीपर्यंत नेतात. बाहेरच्या पोकळ सुईतून आतली सुई सरकवून दोन-तीन बारीक तुकडे घेतात. 'सुई लागली की कर्करोग पसरतो' ही भीती अनेकांना वाटते. पोकळ सुईच्या या पद्धतीत तसे होणे अत्यंत दुर्मीळ आहे. थोडा रक्तस्राव ही त्याहून नेहमीची अडचण. म्हणून रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर ते डॉक्टरांना आधी सांगावे लागते.

बायोप्सीचा अहवालही नीट वाचावा लागतो. 'कर्करोग आहे' असा अहवाल जवळजवळ नेहमी खरा ठरतो. 'कर्करोग दिसत नाही' हा अहवाल तितका पक्का नसतो, कारण सुईने घेतलेला भाग अगदी छोटा असतो. साधारण सातातील एका बायोप्सीत तर तुकडा अपुरा पडून निदानच होत नाही. त्याचा अर्थ 'काही नाही' असा होत नाही. बायोप्सी पुन्हा करावी लागू शकते.

आपल्या उदाहरणातील अहवाल असा आला असे धरू : 'ऑन्कोसायटोमाकडे झुकणारी गाठ, क्रोमोफोब प्रकारचा कर्करोग पूर्णपणे नाकारता येत नाही.' हे दोन प्रकार सूक्ष्मदर्शकाखालीही एकमेकांच्या जवळचे दिसतात. विशेष रंगचाचण्यांनी पारडे ऑन्कोसायटोमाकडे झुकले, तरी शंभर टक्के खात्री लिहिता येत नाही. मात्र निर्णय घेता येतो. यातला कर्करोगही बहुतेकदा संथ असतो आणि मूत्रपिंड मोलाचे आहे, म्हणून लक्ष ठेवायचे ठरते.

लक्ष ठेवणे म्हणजे ठरलेल्या तारखांना स्कॅन करणे : पहिला तीन ते सहा महिन्यांत, मग सहा महिन्यांनी, नंतर वर्षातून एकदा. सहा महिन्यांनी गाठ २.७ सेंटिमीटर भरली तर घर पुन्हा हादरते. पण एकच गाठ दोन वेगवेगळ्या डॉक्टरांनी मोजली तरी दोन-तीन मिलिमीटरचा फरक पडतो. म्हणून शक्यतो त्याच केंद्रात, त्याच पद्धतीने मोजणी करावी आणि जुन्या स्कॅनची सीडी प्रत्येक वेळी सोबत न्यावी. नुसत्या कागदी अहवालावरून तुलना होत नाही. वर्षाला पाच मिलिमीटरहून जास्त वाढ झाली, गाठ तीन-चार सेंटिमीटरच्या पुढे गेली किंवा लघवीतून रक्त गेले, तर निर्णयाचा पुन्हा विचार होतो.

वर्षभराने या गृहस्थांची गाठ २.८ सेंटिमीटर आहे आणि क्रिएटिनिन १.७ वरच आहे. ज्यासाठी ते पहिल्यांदा सोनोग्राफीला गेले होते, त्या पित्ताशयाच्या खड्यांची शस्त्रक्रिया मधल्या काळात होऊन गेली. पुढच्या स्कॅनची तारीख वर्षभरानंतरची आहे.