चार फुटांचा पडदा किती फूट झाकतो?

ऑनलाइन पडद्याच्या माहितीत पहिला आकडा रुंदीचा असतो आणि बहुतेकांची फसगत तिथेच होते. ‘रुंदी ४ फूट, २ नग’ वाचून आपण आठ फुटांच्या खिडकीसाठी तेच मागवतो. पण रिंगांच्या म्हणजे आयलेटच्या पडद्याची ही रुंदी कापड सपाट अंथरून मोजलेली असते. दोन्ही पडदे आठ फुटी रॉडवर ओढले की चुण्या सगळ्या उलगडतात आणि दोरीवर वाळत घातलेल्या चादरीसारखे दिसतात. मधली फट राहते ती वेगळीच.

म्हणून खिडकी न मोजता रॉड मोजावा. रिंगांच्या पडद्याला रॉडच्या दीडपट ते दुप्पट कापड लागते. आठ फुटांना तीन पडदे कसेबसे पुरतात, पण दोन बाजूंना सारखे वाटता येत नाहीत. चार घेतले की दुप्पट कापड होते आणि चुण्या भरदार पडतात. वर पक्क्या शिवलेल्या चुण्यांचा पडदा असेल, तर लिहिलेली रुंदी चुण्या घातल्यानंतरची आहे की आधीची, हे विक्रेत्याला विचारावे. चुण्यांनंतरची असेल तर तिला दुप्पट करायची गरज नाही.

आता उंची. बाल्कनीच्या दारावर रॉडपासून जमिनीपर्यंत ८६ इंच आहेत असे समजू. सात फुटी पडदा ८४ इंचांचा. त्यातला इंचभर भाग रिंगांमुळे रॉडच्या वर जातो, म्हणजे खाली तीन इंच उघडे राहतात. अशा वेळी नऊ फुटी पडदा घेऊन खालून दुमडून शिवून घ्यावा. कापड सुती असेल तर आधी एकदा धुवावे, मगच शिंप्याकडे न्यावे. ते शेकडा चारने आटले, तरी एवढ्या उंचीत साडेतीन इंच कमी होतात.

‘लाइट फिल्टरिंग’ म्हणजे ऊन सौम्य होऊन आत येते. मात्र रात्री घरात दिवा लागला की बाहेरून सावल्या दिसतात. झोपण्याच्या खोलीला ‘ब्लॅकआउट’ बरा. तोही कडांमधून येणारा उजेड अडवत नाही, म्हणून रॉड खिडकीच्या दोन्ही बाजूंना अर्धा अर्धा फूट पुढे असावा.

ब्लॅकआउटचे दोन प्रकार असतात. एकात दाट विणीतच काळे सूत असते. तो घरी धुता येतो. दुसऱ्याच्या मागे लेप असतो. पाठीवरून हात फिरवला की तो रबरासारखा लागतो. हा पडदा पिळला किंवा त्यावर कडक इस्त्री फिरवली, तर लेपाला भेगा पडतात आणि सकाळी त्यांतून उन्हाचे ठिपके दिसू लागतात. तो गार पाण्यात हलक्या हाताने धुवून, न पिळता, सावलीत निथळत ठेवावा.