जागा आहे, पण सलग नाही

सी भाषेत `malloc(100)` लिहिलं की प्रोग्रामला शंभर बाइट मेमरी मिळते आणि काम झालं की `free(p)` म्हणून ती परत करता येते. परत करताना ती किती होती हे मात्र कोणी विचारत नाही. `free`च्या हाती फक्त एक पत्ता येतो. मग मापाची नोंद असते कुठे? त्या पत्त्याच्या अगदी अलीकडे, प्रोग्रामला न दाखवलेल्या काही बाइटांत.

कर्निघन आणि रिची यांच्या १९७८ सालच्या 'द सी प्रोग्रॅमिंग लँग्वेज' या पुस्तकाच्या शेवटच्या प्रकरणात असा एक छोटा मेमरी अ‍ॅलोकेटर लिहून दाखवला आहे. तीच पद्धत जराशी सोपी करून पाहू. प्रत्येक ब्लॉकच्या डोक्यावर एक हेडर बसतो:

```c
struct block {
    size_t size;
    struct block *next;
};
```

६४ बिटांच्या नेहमीच्या संगणकावर हा हेडर १६ बाइटांचा होतो. `size`मध्ये हेडरसकट ब्लॉकचं माप असतं आणि `next`मध्ये पुढच्या रिकाम्या ब्लॉकचा पत्ता. रिकाम्या ब्लॉकांची ही साखळी म्हणजे फ्री लिस्ट. वापरात असलेला ब्लॉक साखळीत नसतोच, त्यामुळे त्याची वेगळी यादी ठेवावी लागत नाही.

समजा, सुरुवातीला १०२४ बाइटांचा एकच रिकामा ब्लॉक आहे. प्रोग्रामने १०० बाइट मागितले. मागणी १६च्या पटीत वर नेली की ११२ होते, त्यात हेडर मिळवला की १२८. अ‍ॅलोकेटर ब्लॉकचे दोन तुकडे करतो: १२८चा 'अ' देऊन टाकतो आणि ८९६ बाइट साखळीत ठेवतो. पुढे २०० बाइटांच्या मागणीला २२४चा 'ब' जातो, ३०० बाइटांच्या मागणीला ३२०चा 'क'. शेवटी ३५२ बाइट उरतात. तुकडा पाडण्याआधी एक गोष्ट तपासायची: उरलेल्या भागात हेडर आणि निदान १६ बाइट मावतील का? २०८ हवे असताना २२४चा ब्लॉक सापडला, तर उरलेल्या १६ बाइटांत हेडरपुरतीच जागा आहे. असा तुकडा पाडून उपयोग नाही, सबंध ब्लॉकच देऊन मोकळं व्हावं.

खरी गंमत जागा परत येताना आहे. अ, ब, क तिन्ही परत आले आणि अ‍ॅलोकेटरने ते नुसते साखळीत अडकवून ठेवले, तर साखळीत १२८, २२४, ३२० आणि ३५२ असे चार ब्लॉक होतात. बेरीज पूर्ण १०२४. तरीही ७०० बाइटांची मागणी फेटाळली जाते, कारण त्यातला एकही ब्लॉक तेवढा मोठा नाही. सगळी जमीन आपलीच, पण मधले बांध तसेच.

हे बांध मोडायचे तर आपल्याला लागून कोण आहे हे ब्लॉकला कळायला हवं. त्यासाठी साखळी पत्त्यांच्या चढत्या क्रमाने ठेवतात. परत आलेला ब्लॉक योग्य जागी ओवला, की आधी पुढच्याशी आणि मग मागच्याशी जुळतो का ते पाहायचं:

```c
if (b->next && (char *)b + b->size == (char *)b->next) {
    b->size += b->next->size;
    b->next = b->next->next;
}
```

यातला `(char *)` विसरला की घात झालाच. सीमध्ये `b + 128` म्हणजे १२८ बाइट पुढे नव्हे, १२८ हेडर पुढे, म्हणजे २०४८ बाइट. तपासणी भलत्याच पत्त्यावर होते, जोडणी होत नाही, आणि कंपायलर अवाक्षर काढत नाही.

आता 'अ' आणि 'क' परत आले, पण 'ब' वापरात आहे असं धरा. 'क' पुढच्या ३५२ला जोडून ६७२ होतो, 'अ' १२८वरच राहतो. ८०० बाइट मोकळे आहेत, तरी ७०० मिळत नाहीत, कारण हेडर धरून ७२० सलग लागतात. 'ब'ला बाजूला सरकवावं म्हटलं, तर प्रोग्रामने त्याचा पत्ता जपून ठेवलेला असतो. तो पत्ता कुठेकुठे लिहून ठेवलाय हे अ‍ॅलोकेटरला माहीत नसतं. म्हणून 'ब' परत येईपर्यंत थांबण्यावाचून इलाज नाही. तो आला की १२८, २२४ आणि ६७२ मिळून पुन्हा १०२४चा अखंड ब्लॉक तयार होतो.

या पद्धतीची किंमत वेळेत मोजावी लागते. प्रत्येक `free`ला योग्य जागा शोधत साखळी चालावी लागते, हजारो रिकामे तुकडे झाले की ते जाणवतं. डोनाल्ड क्नुथ यांच्या 'बाउंडरी टॅग' युक्तीत ब्लॉकचं माप शेवटीही लिहितात, त्यामुळे मागचा शेजारी साखळी न चालता सापडतो. त्यासाठी दर ब्लॉकमागे आणखी काही बाइट खर्ची पडतात.

चुका मात्र जिथे होतात तिथे दिसत नाहीत. 'अ'मध्ये ११२ऐवजी १२० बाइट लिहिले गेले, तर 'ब'च्या हेडरमधलं माप पुसलं जातं आणि प्रोग्राम कोसळतो तो बऱ्याच वेळाने, 'ब' परत करताना किंवा त्याच्याही नंतर. एकच ब्लॉक दोनदा परत केला, तर साखळी स्वतःकडेच वळू शकते आणि पुढची `malloc` तिच्यात फिरतच राहते. म्हणून चाचणीच्या काळात प्रत्येक `free`नंतर साखळी चालून पाहावी: पत्ते चढतेच हवेत, आणि एकमेकांना चिकटलेले दोन रिकामे ब्लॉक कुठेही दिसता कामा नयेत.