हजार फायलींतून एक वाक्प्रयोग

नियतकालिकाच्या कचेरीत, ग्रंथालयात किंवा एखाद्या संशोधकाच्या संगणकावर जुने लेख वर्षावर्षांच्या फोल्डरांत साठलेले असतात. समजा, `lekh` नावाच्या फोल्डरात अशा शेकडो साध्या टेक्स्ट फायली आहेत आणि पु. ल. देशपांडे यांच्या ‘वाऱ्यावरची वरात’चा उल्लेख नेमका कुठल्या लेखांत आला आहे ते हवंय. मजकूर आत्ता नको, फक्त फायलींची नावं हवीत, म्हणजे तेवढेच लेख काढून वाचता येतील. एकेक फाइल उघडून शोधत बसलं तर दिवस जाईल. ग्रेप नावाची छोटी आज्ञा हे काम काही क्षणांत करते. लिनक्स आणि मॅकच्या टर्मिनलमध्ये ती आधीपासूनच असते. विंडोजवर ‘गिट बॅश’ बसवलं की तीही सोबत येते.

```
grep -rl 'वाऱ्यावरची वरात' lekh
```

यातला `r` सांगतो की फोल्डरातल्या उपफोल्डरांतही शिर. `l` म्हणजे सापडलेली ओळ दाखवू नकोस, फक्त फाइलचं नाव दे. `l` दिला की ग्रेप प्रत्येक फाइल पहिला उल्लेख सापडेपर्यंतच वाचतो आणि पुढच्या फाइलकडे वळतो. एका लेखात उल्लेख वीस वेळा असला तरी नाव एकदाच येतं. उत्तर असं दिसतं:

```
lekh/1987/rangabhumi.txt
lekh/2004/pula-vishesh.txt
```

शोधायच्या शब्दांभोवतीची अवतरणचिन्हं विसरू नयेत. ती गाळली तर ग्रेप पहिलाच शब्द शोधतो आणि दुसऱ्या शब्दाला फाइलचं नाव समजतो. मग यादीच्या आगेमागे `grep: वरात: No such file or directory` अशी तक्रार येते. ही ओळ दिसली की अवतरणचिन्हं राहिली असं समजावं. अशा वेळी आलेली यादी फक्त ‘वाऱ्यावरची’ या शब्दाची असते.

ग्रेप जन्मालाच आला तो अशा कामासाठी. 1973 च्या सुमारास अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये ली मॅकमॅहन यांना ‘फेडरलिस्ट पेपर्स’ या अठराव्या शतकातल्या 85 राजकीय निबंधांचा मजकूर तपासायचा होता. त्यांतल्या काही निबंधांचा लेखक कोण, हा जुना वाद होता. त्या काळच्या संपादक प्रोग्रामच्या स्मृतीत तेवढा मजकूर मावत नव्हता. केन थॉम्प्सन यांनी त्याच प्रोग्राममधली शोधायची सोय वेगळी काढून स्वतंत्र आज्ञा केली.

इंग्रजी निबंधांसाठी तेवढं पुरलं. मराठीत मात्र खरी अडचण पुढे येते. वरच्या यादीत दोनच नावं आली, पण 1998 सालच्या एका लेखात हा उल्लेख आहे हे संपादकाला पक्कं आठवतंय. फाइल उघडली तर शब्द डोळ्यांसमोर आहेत, तरी ग्रेपला ते दिसत नाहीत. अशा वेळी त्यातला एकच निर्धोक शब्द शोधून पाहावा:

```
grep -rl 'वरात' lekh
```

आता 1998 ची फाइल यादीत आली, म्हणजे घोटाळा पहिल्या शब्दात आहे. तो आहे ‘ऱ्या’मध्ये. हा अर्धा र, आपला दऱ्या-वाऱ्यातला, युनिकोडमध्ये एकाहून अधिक तऱ्हांनी लिहिता येतो. एका कीबोर्डवर नुक्ता असलेला ऱ आणि त्यावर हलन्त येतो. दुसऱ्यावर साधा र, हलन्त आणि त्यामागे डोळ्यांना न दिसणारं एक जोडचिन्ह येतं. कागदावर आणि पडद्यावर दोन्ही सारखेच उमटतात. फाइलमधली बाइट्स पाहिली तर फरक कळतो:

```
e0 a4 b1  e0 a5 8d
e0 a4 b0  e0 a5 8d  e2 80 8d
```

वरची ओळ पहिल्या तऱ्हेची, खालची दुसरीची. दुसरीत शेवटी आलेली `e2 80 8d` ही तीन बाइट्स म्हणजे ते अदृश्य जोडचिन्ह. `xxd` या आज्ञेला मजकूर दिला की ही बाइट्स दिसतात. ग्रेप अक्षराचं रूप पाहत नाही, ही बाइट्स जशीच्या तशी जुळतात का तेवढं पाहतो. ‘सुऱ्या’, ‘दुसऱ्या’, ‘शेतकऱ्यांना’, ‘कर्मचाऱ्यांचे’ असे शब्द मराठी मजकुरात पानोपानी असतात. त्यामुळे हा घोटाळा अपवादानं होत नाही, रोज होतो.

मला सर्वांत सोयीचा वाटणारा उपाय म्हणजे ते भांडखोर अक्षरच शोधातून वगळायचं आणि त्याच्या पुढून सुरुवात करायची:

```
grep -rl 'यावरची वरात' lekh
```

देवनागरी शब्दाचा तुकडाही ग्रेपला चालतो, त्यामुळे ‘ऱ्या’ कसाही टंकलेला असला तरी त्यामागचं ‘यावरची’ जुळतं. एखाद्या लेखातली ‘रस्त्यावरची वरात’ही यादीत शिरू शकते. तेवढी डोळ्यांनी गाळणं सोपं. नको ती फाइल यादीत आली तर दिसते, हवी ती सुटली तर कळतही नाही, म्हणून शोध थोडा सैल ठेवलेलाच बरा.

मराठीची दुसरी तऱ्हा म्हणजे सामान्यरूप. ‘वाऱ्यावरच्या वरातीत’ असं कुणी लिहिलं असेल तर वरचा शोध ते सोडून देतो. ‘वरात’ हा ‘वरातीत’चा तुकडा आहे, म्हणून ती बाजू आपोआप जुळते. अडतं ते ‘ची’ आणि ‘च्या’पाशी. तिथे ‘च’पर्यंतच थांबून पुढे जागा सोडेपर्यंत काहीही चालेल असं सांगायचं:

```
grep -rl 'यावरच[^ ]* वरात' lekh
```

`[^ ]*` म्हणजे मोकळी जागा सोडून कुठलीही चिन्हं, कितीही.

तरीही एखादी फाइल निसटते ती ओळ मोडल्यामुळे. ग्रेप मजकूर ओळीओळीनं वाचतो. ‘वाऱ्यावरची’ एका ओळीच्या शेवटी आणि ‘वरात’ पुढच्या ओळीच्या सुरुवातीला असेल, तर त्याच्या लेखी ते दोन शब्द एकत्र आलेलेच नाहीत. लिनक्सवरच्या ग्रेपमध्ये `z` जोडला की तो अख्खी फाइल एकच ओळ मानतो. मग दोन शब्दांमध्ये जागा असो वा नवी ओळ, दोन्ही चालतील असं लिहावं लागतं:

```
grep -rlz 'यावरच[^[:space:]]*[[:space:]]\+वरात' lekh
```

हे लांबट दिसतं, म्हणून मी ते एका टिपणात ठेवते आणि दर वेळी फक्त मधले शब्द बदलते.

हे सगळं चालतं ते साध्या युनिकोड टेक्स्ट फायलींवर. वर्डची `docx` फाइल आतून दाबून बांधलेली असते, म्हणून तिच्यातला मजकूर ग्रेपला दिसत नाही. आधी ती टेक्स्ट म्हणून साठवून घ्यावी, आणि साठवताना यूटीएफ-8 निवडावं. युनिकोड येण्यापूर्वीच्या फाँटांत टंकलेले लेख आणखी वेगळे. ते टर्मिनलमध्ये उघडले तर देवनागरीऐवजी इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसते, कारण तिथे मराठी फक्त फाँटच्या चित्रात होती. हे लेख आधी युनिकोडमध्ये रूपांतरित करून घेतल्याशिवाय त्यांत शोध घेता येत नाही. कुठल्या फायली अशा आहेत हेही ग्रेपच सांगतो. मोठा `L` उलटं काम करतो, म्हणजे जुळलं नाही त्या फायलींची नावं देतो. ‘आहे’ हा शब्द नसलेला लांब मराठी लेख क्वचितच सापडेल, म्हणून:

```
grep -rL 'आहे' lekh
```

या यादीत येतील ते बहुतेक जुन्या फाँटातले, वर्डमधले किंवा रिकामे. तेवढे लेख वेगळ्या फोल्डरात काढून आधी त्यांचं रूपांतर करावं आणि मग पहिला शोध पुन्हा चालवावा.