भाविक ‘स्टँडिंग’, मग देऊळ ‘स्टूड’ का?

अंबरनाथच्या शिवमंदिरातल्या शिलालेखात शके ९८२, म्हणजे इ.स. १०६० ही नोंद आहे. शिलाहारांच्या काळातलं हे देऊळ वालधुनीच्या काठी आजही उभं आहे. हेच इंग्रजीत सांगायला गेलं की प्रेझेंट परफेक्ट कंटिन्युअसच्या गमती कळू लागतात.

‘पासून’ एक, शब्द दोन
‘सोमवारपासून’ आणि ‘दोन तासांपासून’, मराठीला दोन्हीकडे ‘पासून’ चालतं. इंग्रजीला चालत नाही. ‘केव्हापासून?’ याचं उत्तर असेल तर ‘सिन्स’: सिन्स मंडे, सिन्स १०६०. ‘किती वेळ?’ याचं उत्तर असेल तर ‘फॉर’: फॉर टू अवर्स.

रांगेतल्या दोन चुका
‘मी दोन तासांपासून रांगेत उभा आहे.’ मराठीत इथे वर्तमानकाळ पुरतो, म्हणून महाशिवरात्रीच्या रांगेत तोंडून निघतं, ‘आय ॲम स्टँडिंग सिन्स टू अवर्स.’ इथे काळही चुकला आणि ‘सिन्स’ही. मागे सुरू होऊन अजून चालू असलेल्या क्रियेला ‘हॅव बीन’ लागतं: ‘आय हॅव बीन स्टँडिंग फॉर टू अवर्स.’

देवळाला ‘-इंग’ का नको?
माणूस तात्पुरता उभा आहे, दर्शन झालं की निघेल. देऊळ कायमचं उभं आहे. म्हणून सहज इंग्रजी असं: ‘द टेम्पल हॅज स्टूड हिअर सिन्स १०६०.’ क्रियापद तेच, पण ‘-इंग’ लागलं की तात्पुरतेपणाची छटा येते.

काही क्रियापदं अडूनच बसतात
‘नो’, ‘ओन’, ‘बिलाँग’ यांना ‘-इंग’ सहसा सोसत नाही. कंटिन्युअस रूप घडत असलेली गोष्ट दाखवतं. माहीत असणं घडत नाही, ते नुसतं असतं. त्यात ना टप्पे, ना अर्धवटपणा. म्हणून ‘आय हॅव नोन हिम फॉर टेन इयर्स’. ‘हॅव बीन नोइंग’ नाही. मराठीतही ‘मला माहीत असत आहे’ असं कोणी म्हणत नाही. पण या कसोटीवर सगळीकडे विसंबू नका. ‘मला हे आवडत आहे’ मराठीत ऐकू येतं, तरी ‘हॅव बीन लायकिंग’ कानाला खटकतं.

अर्थ बदलला की अडवणूक संपते
‘हॅव’ म्हणजे मालकी असेल तर ‘-इंग’ नाही: ‘वी हॅव हॅड धिस शॉप सिन्स २०१०.’ पण ‘हॅव’ म्हणजे जेवणं असेल तर ‘दे हॅव बीन हॅविंग लंच’ बिनदिक्कत चालतं. ‘मीन’चंही तसंच. ‘अर्थ असणं’ याला ‘-इंग’ नको, पण ‘मनात असणं’ याला चालतं: ‘आय हॅव बीन मीनिंग टू सी द टेम्पल.’

तेव्हा वाक्य जुळवण्याआधी दोनच प्रश्न विचारा: ही गोष्ट घडते आहे की नुसती आहे? आणि सांगायचं काय, सुरुवात की मुदत? पहिल्याच्या उत्तरावरून क्रियापदाचं रूप ठरेल, दुसऱ्याच्या उत्तरावरून ‘सिन्स’ की ‘फॉर’.