मधुमेही माणसाचा मोतीबिंदू आणि शस्त्रक्रियेपूर्वींची साखर

गेल्या हंगामांत आमच्या मेहुण्यांच्या डाव्या डोळ्यावर मोतीबिंदूची शस्त्रक्रिया करावयाचें ठरलें. त्यांचें वय 62. मधुमेह दहा वर्षांचा, आणि गोळी मात्र आठवण झाली तरच घ्यावयाची. तपासणीच्या दिवशीं उपाशीपोटींची साखर 268 निघाली व डॉक्टरांनीं तारीख पुढें ढकलली. मेहुणे चिडले. "दुखणें डोळ्याचें, तेथें रक्तांतल्या साखरेचा काय संबंध?" असें ते म्हणाले. हीच शंका पुष्कळ वाचकांस येत असेल, म्हणून हा खुलासा.

डोळ्यांतील भिंगास स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. सभोंवतींच्या पाण्यांतूनच त्याचें पोषण होतें, आणि रक्तांत साखर वाढली कीं त्या पाण्यांतही वाढते. भिंगांत शिरलेल्या साखरेचा कांहीं भाग सॉर्बिटॉल नांवाच्या पदार्थांत बदलतो. तो सहजासहजीं बाहेर पडत नाहीं व पाणी ओढून घेतो. मग भिंग फुगतें, आणि पुढें गढूळ होतें. म्हणून मधुमेह्यास मोतीबिंदू इतरांहून लवकर होतो. याच फुगण्यामुळें चष्म्याचा नंबरही साखरेबरोबर खालींवर होतो. साखर अस्थिर असतां नवा चष्मा करविणें म्हणजे पैसे वायां घालविणें होय.

शस्त्रक्रियेपूर्वीं साखर आटोक्यांत आणण्याचीं कारणें मुख्यतः दोन. वाढलेल्या साखरेंत जखम सावकाश भरते व जंतूंचा शिरकाव होण्याचें भय वाढतें. शिवाय मधुमेह्याच्या पडद्यास पुढें सूज येण्याचा संभव असतो, आणि मग भिंग उत्तम बसूनही नजर अंधुकच राहते.

परंतु साखर किती असावी? एका दिवसाच्या आंकड्यावर भरंवसा ठेवूं नये. मेहुणे दुसऱ्या तपासणीआधीं दोन दिवस अर्धपोटीं राहिले व 150 चा आंकडा घेऊन आनंदानें गेले. डॉक्टरांनीं एचबीए1सी तपासलें तें 10.2 टक्के निघालें. जन्मभर दप्तर सांभाळलेल्या मला हें चटकन उमगलें: रोजची साखर ही एका दिवसाची कीर्द, आणि हा आंकडा सुमारें तीन महिन्यांचा ताळेबंद. एका दिवसाची नोंद सुधारून ताळेबंद सुधारत नाहीं.

मात्र साखर एकदम खालीं आणणेंही बरें नव्हे. पडद्यावर आधींच विकार असेल तर झपाट्यानें उतरलेल्या साखरेनें तो कांहीं काळ बळावूं शकतो. म्हणून प्रथम बाहुली मोठी करणारे थेंब घालून पडदा पाहिला. तेथें रक्ताचे बारीक ठिपके होते, सूज नव्हती. नंतर नियमित गोळ्या, भात-भाकरीचें माप आणि सायंकाळचें चालणें यांनीं दोन महिन्यांत उपाशीपोटींची साखर 130 च्या आसपास आली व एचबीए1सी 8.1 वर उतरलें. याहून खालीं आणण्याचा डॉक्टरांनीं हट्ट धरला नाहीं. नव्या भिंगाचें माप मात्र पुन्हा घेतलें.

त्याच वेळीं उजव्या डोळ्याचा दाब 24 आढळला. साधारणतः तो 10 ते 21 असतो. मधुमेह्यास कांचबिंदूचा धोका अधिक, आणि त्याचा बहुतेक प्रकार दुखत नाहीं. कडेची नजर हळूहळू जाते व गेलेली परत येत नाहीं. पडद्यास रक्तपुरवठा फारच कमी झाला तर बुबुळावर नाजूक नव्या रक्तवाहिन्या फुटून डोळ्यांतील पाण्याची वाट बुजते. त्या जातीच्या कांचबिंदूंत मात्र वेदना असह्य होतात. मोतीबिंदू काढल्यावर घालावयाच्या स्टेरॉइडच्या थेंबांनीं कांहींजणांचा दाब वाढतो, म्हणून मेहुण्यांस दाब तपासण्यासाठीं लवकर बोलाविण्याचें ठरलें.

शस्त्रक्रियेच्या सकाळीं निराळाच घोटाळा झाला. "ऑपरेशन आहे, कांहीं खाऊं नका," असें शेजाऱ्यांनीं सांगितलें; मेहुण्यांनीं जेवण टाळलें, पण ग्लिमेपिराइडची गोळी रोजच्याप्रमाणें घेतली. इस्पितळाच्या ओसरीवर त्यांस घाम सुटला, हात थरथरूं लागले. साखर 56. ग्लुकोज पाण्यांत घालून पाजलें, पंधरा मिनिटांनीं पुन्हा मोजली, आणि ती सांवरल्यावर दुपारीं काम झालें. ही शस्त्रक्रिया बहुधा डोळाच बधिर करून होते. उपास हवा कीं नको, कोणती गोळी अथवा इन्सुलिन त्या सकाळीं घ्यावयाचें व कोणतें टाळावयाचें, हें आदल्या भेटींतच डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्यावें.

आठवड्यानें दाब डाव्या डोळ्यांत 18 भरला. उजव्यास निराळे थेंब सुरू आहेत. डोळा लाल होऊन दुखूं लागला किंवा आलेली नजर पुन्हा कमी झाली तर बाजाराच्या दिवसाची वाट न पाहतां त्याच दिवशीं यावें, असें डॉक्टरांनीं बजावलें आहे.